अर्जातील इंग्रजी : ‘बेग टू स्टेट’पासून सरळ वाक्यापर्यंत

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले-मुली आज हैदराबाद, दिल्ली, बंगळुरू येथे शिकत आहेत, नोकरी करीत आहेत. काही परदेशीही पोहोचली आहेत. महाराष्ट्रात असताना कार्यालयाशी मराठीत पत्रव्यवहार करता येतो, तो करावाही. परंतु राज्याची सीमा ओलांडली, की विद्यापीठ, बँक, विमा कंपनी, पारपत्र कार्यालय यांच्याशी इंग्रजीतूनच बोलावे लागते. त्या वेळी आपल्या लेखणीतून जी इंग्रजी उतरते, ती बहुधा आपली नसते. कोणा जुन्या कारकुनाच्या अर्जातून, बाजारात मिळणाऱ्या पत्रलेखनाच्या पुस्तकातून, किंवा शेजारच्या मित्राने दिलेल्या नमुन्यातून ती उचललेली असते. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हम्बल सबमिशन आय बेग टू स्टेट’ हे तिचे सर्वपरिचित रूप. ही इंग्रजी आली कोठून, ती का चिकटून राहिली, आणि तिच्या जागी साधे, सरळ वाक्य कसे लिहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय मर्यादित राहावा म्हणून फक्त अर्जाचे इंग्रजी घेतले आहे.

मायन्याचा इतिहास

पत्राच्या आरंभी जे ठरावीक संबोधन लिहिले जाई, त्याला आपल्याकडे ‘मायना’ म्हणत. पेशवाईतील कागदपत्रांमध्ये ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ अशी सुरुवात, मग ‘विज्ञापना’, आणि नंतर कोठे तरी कामाचा मजकूर, अशी रचना वारंवार आढळते. कोणाला कोणता मायना लिहायचा, हे लिहिणाऱ्याच्या व वाचणाऱ्याच्या पायरीवरून ठरत असे. वडिलांना एक, बरोबरीच्याला दुसरा, आश्रिताला तिसरा. तोंडी अभिवादनातही हीच उतरंड होती. कोणी ‘नमस्कार’ म्हणायचा, कोणी ‘रामराम’, आणि कोणी हात जोडून ‘जोहार मायबाप’ म्हणायचे, हे जातीने ठरवून दिले होते. म्हणजे पत्राचा किंवा बोलण्याचा पहिला शब्द उच्चारताच माणसाची जागा निश्चित होत असे.

फारसी दरबारी पत्रव्यवहारातील ‘अर्जदाश्त’ याच वळणाची होती. आपला ‘अर्ज’ हा शब्द त्याच घराण्यातला. कंपनी सरकारच्या काळात अशा अर्ज्यांची इंग्रजी भाषांतरे होऊ लागली. पुढे 1837 मध्ये कंपनीच्या न्यायालयांतून फारसीची सक्ती काढून टाकण्यात आली, वरच्या पातळीवर इंग्रजी आणि खालच्या पातळीवर देशी भाषा आल्या. फारसीतले आणि मराठीतले नम्रतेचे साचे नव्या भाषेत जसेच्या तसे ओतले गेले. त्याच वेळी इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे व न्यायालयांपुढे सादर होणाऱ्या विनंतीअर्जांतही ‘हम्बली’ लिहिण्याची रीत होती, आणि तेथील व्यापारी पत्रांत ‘आय बेग टू ॲक्नॉलेज’ ही वाक्ये रूढ होती. दोन्हींकडचे साचे एकत्र झाले आणि त्यांतून आपल्या अर्जाची इंग्रजी घडली.

इंग्लंडमध्ये हे साचे विसाव्या शतकात झिजत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर सर अर्नेस्ट गॉवर्स या सनदी अधिकाऱ्याने ब्रिटिश कोषागाराच्या सांगण्यावरून सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ ही पुस्तिका लिहिली. ती 1948 मध्ये प्रसिद्ध झाली. सरकारी पत्र सामान्य नागरिकाला एका वाचनात कळले पाहिजे, हे तिचे सूत्र होते. आपल्याकडे मात्र साहेब गेला, तरी त्याच्यासमोर वापरायची भाषा राहून गेली. कारण आपण ती इंग्रजी बोलणाऱ्या माणसांकडून शिकलो नव्हतो. आपण ती कागदावरून कागदावर उतरवीत आलो होतो. ‘डू द नीडफुल’ हा शब्दप्रयोग एके काळी इंग्लंडमध्येही सर्रास चाले. तेथे तो मावळला, येथे तो अजून प्रत्येक टेबलावर आहे.

नम्रता कोठे ठेवावी?

हे साचे टिकण्यामागे केवळ सवय नाही. एक भाषिक कारणही आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय सुटका होत नाही. मराठीत आदर व्याकरणातच बसवलेला आहे. ‘तू ये’, ‘तुम्ही या’, ‘आपण यावे’ या तीन वाक्यांत कोणताही वेगळा नम्र शब्द नाही, तरी आदराच्या तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. सर्वनाम बदलले, क्रियापद बदलले, काम झाले. इंग्रजीत मात्र शिपायालाही ‘यू’ आणि कुलगुरूंनाही ‘यू’. मराठी मनाला हे उघडेबोडके वाटते. मग ती उणीव भरून काढण्यासाठी आपण बाहेरून शब्द आणून लावतो. नोटीस ‘काइंड’ होते, संस्था ‘एस्टीम्ड’ होते, आणि समोरचा माणूस ‘युवर गुड सेल्फ’ होतो.

वास्तविक इंग्रजीतही आदराची जागा आहे. फक्त ती वेगळ्या ठिकाणी आहे. पहिली जागा म्हणजे प्रश्नार्थक विनंती. ‘टेल मी द डेट’ हा हुकूम झाला. ‘कुड यू टेल मी द डेट?’ ही विनंती झाली. ‘कुड’ आणि ‘वुड’ ही दोन छोटी क्रियापदे मराठीतील ‘आपण … सांगाल का’ याचे काम जवळजवळ पूर्ण करतात. दुसरी जागा ‘प्लीज’. हा शब्द एका पत्रात एकदा, फार तर दोनदा यावा. प्रत्येक वाक्यात आला, की त्याचा आदर संपतो आणि आर्जव सुरू होते. तिसरी जागा शब्दांत नाही. समोरच्या माणसाला शोधाशोध करावी लागू नये, अशा रीतीने सर्व माहिती त्याच्या हाती देणे, हा त्याच्या वेळेचा आदर आहे. इंग्रजी पत्रात सौजन्य मोजले जाते ते बहुधा येथे.

‘कृपया दुरुस्ती करून मिळावी, ही विनंती’ हे मराठी वाक्य सुंदर आहे. त्यात कोणालाही थेट आज्ञा नाही, आणि अर्थ मात्र स्पष्ट आहे. त्याचे शब्दशः इंग्रजी होते, ‘इट इज रिक्वेस्टेड दॅट द सेम मे काइंडली बी करेक्टेड’. येथे विनंती कोण करतो ते दिसत नाही, दुरुस्ती कोणी करायची ते दिसत नाही, आणि ‘द सेम’ म्हणजे काय हे पाहण्यासाठी मागचे वाक्य पुन्हा वाचावे लागते. जे वळण मराठीत सौजन्य होते, ते इंग्रजीत धूसरपणा होऊन बसते. ‘प्लीज करेक्ट माय मार्कशीट’ या चार शब्दांत विनंतीही आहे, आदरही आहे आणि कामही आहे.

‘करणे’ आणि इंग्रजी क्रियापद

मराठी वळण आणखी एका ठिकाणी नकळत इंग्रजीत शिरते. मराठीत आपण नामाला ‘करणे’, ‘घेणे’, ‘देणे’ जोडून क्रिया तयार करतो. अर्ज करणे, चौकशी करणे, भरणा करणे, निर्णय घेणे. ही मराठीची प्रकृती आहे आणि ती उत्तम आहे. परंतु हेच इंग्रजीत उतरवले, की ‘आय हॅव मेड ॲन ॲप्लिकेशन’, ‘आय हॅव डन द पेमेंट’, ‘आय मेड ॲन इन्क्वायरी’ अशी वाक्ये होतात. इंग्रजीत या प्रत्येक कामासाठी स्वतंत्र क्रियापद तयार आहे. ‘आय अप्लाइड’, ‘आय पेड’, ‘आय आस्क्ड’. तीन वाक्ये मिळून सहा शब्द! यांत वाक्य केवळ आखूड होत नाही. कोणी काय केले, हे त्याच्या दोन शब्दांत उभे राहते.

‘परीक्षा दिली’ याचे ‘गेव्ह द एक्झाम’ हेही याच जातीचे. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. आपल्या देशात ‘गेव्ह द एक्झाम’ सर्वांना कळते, म्हणून त्यावर हसण्याचे कारण नाही; परंतु परदेशातील वाचक परीक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, यात घोटाळा करू शकतो, म्हणून तेथे ‘टुक’ लिहावे.

लिहून झाल्यावर हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. मसुद्यातील ‘मेड’, ‘डन’, ‘गेव्ह’, ‘टुक’ या शब्दांखाली रेघ ओढावी आणि पुढे आलेल्या नामात एखादे क्रियापद लपले आहे का ते पाहावे. ‘टुक अ डिसिजन’मध्ये ‘डिसायडेड’ लपलेले असते. सापडले, तर ते बाहेर काढावे. ‘टुक द एक्झाम’मध्ये काही लपलेले नसते, ते तसेच ठेवावे.

इंग्रजीतले तत्सम आणि तद्भव

मराठी शिकवताना आपण तत्सम आणि तद्भव हा भेद सांगतो. ‘गृह’ आणि ‘घर’, ‘दुग्ध’ आणि ‘दूध’. अर्थ एकच, पण ‘मी गृही जातो’ असे कोणी बोलत नाही. इंग्रजीतही असेच दोन थर आहेत, आणि त्यांचे मूळ इतिहासात आहे. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर सुमारे तीन शतके दरबार आणि कायदा यांत फ्रेंच भाषेचे वर्चस्व होते, तर विद्येची व धर्मपीठाची भाषा लॅटिन होती. शेतकरी, कारागीर व घरातली माणसे जुनी इंग्रजीच बोलत राहिली. पुढे दोन्ही थर एका भाषेत मिसळले, तरी त्यांचा वास गेला नाही. ‘बिगिन’, ‘बाय’, ‘हेल्प’, ‘लिव्ह’, ‘आस्क’ हे घरातले शब्द. ‘कमेन्स’, ‘पर्चेस’, ‘असिस्ट’, ‘रिझाइड’, ‘इन्क्वायर’ हे दरबारातून आलेले.

इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे, त्याला हा फरक कानाने कळतो. आपल्याला तो कळत नाही, कारण आपल्यासाठी दोन्ही शब्द पुस्तकातूनच आलेले असतात. उलट ‘हेल्प’ पाचवीत शिकलो आणि ‘असिस्ट’ दहावीत, म्हणून ‘असिस्ट’ अधिक विद्वान, अशी आपली समजूत होते. परिणाम असा होतो, की ‘आय रिझाइड ॲट नागपूर’ हे वाक्य आपल्याला भारदस्त वाटते, आणि वाचणाऱ्याला ते ‘मी नागपूर येथे निवास करतो’ असे ऐकू येते. चूक नाही, पण माणूस बोलतो आहे असेही वाटत नाही. ‘आय लिव्ह इन नागपूर’ हे ‘मी नागपूरला राहतो’ इतके सहज आहे.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली अशी, की प्रत्येक मोठा शब्द टाकून द्यायचा नाही. ‘स्कॉलरशिप’, ‘ॲफिडेव्हिट’, ‘सर्टिफिकेट’ यांना साधे पर्याय नाहीत. ती त्या वस्तूंची नावेच आहेत. दुसरी अशी, की साधी इंग्रजी म्हणजे साहेबाची घरगुती इंग्रजी नव्हे. इंग्रज माणूस बोलताना ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इंटू’, ‘लुक आफ्टर’ अशी जोडक्रियापदे सहज वापरतो. दिसायला ती छोटी, पण एका अव्ययाने अर्थ पालटतो. आपल्याला ‘पोस्टपोन’ हा एक शब्द खात्रीने येत असेल, तर ‘पुट ऑफ’च्या मागे लागू नये. साधेपणाची कसोटी शब्दाची लांबी नव्हे. लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ नक्की ठाऊक असणे आणि वाचणाऱ्याला तो एकाच वाचनात कळणे, ही ती कसोटी. त्याच न्यायाने ‘लाख’, ‘क्रोर’ किंवा ‘प्रीपोन’ हे आपल्या देशात घडलेले व रुळलेले शब्द भारतातील वाचकासाठी खुशाल वापरावेत. ते उसने नाहीत, ते आपले आहेत.

एका अर्जाची दुरुस्ती

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. नमुन्यासाठी अशी कल्पना करू, की परराज्यातील एका विद्यापीठात बी.ए.च्या अंतिम वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने इतिहासाचा दुसरा पेपर दिला, तरी गुणपत्रिकेत ती गैरहजर दाखवली गेली. एम.ए.चे प्रवेश 15 जुलैला बंद होणार आहेत. ती परीक्षा विभागाला लिहिते:

‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हम्बल सबमिशन आय, द अंडरसाइन्ड, बेग टू ब्रिंग टू युवर काइंड नोटीस दॅट आय हॅव अपिअर्ड फॉर द फायनल इयर एक्झामिनेशन ऑफ युवर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी अँड ड्यू टू सम मिस्टेक द रिझल्ट ऑफ वन सब्जेक्ट हॅज नॉट बीन शोन प्रॉपर्ली इन द मार्कशीट ड्यू टू व्हिच आय ॲम फेसिंग मेनी हार्डशिप्स. आय देअरफोर रिक्वेस्ट युवर गुड सेल्फ टू काइंडली लुक इंटू द मॅटर अँड डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट. द रेलेव्हंट डॉक्युमेंट्स आर एन्क्लोज्ड हिअरविथ फॉर युवर काइंड पेरुजल. फॉर धिस ॲक्ट ऑफ काइंडनेस आय शॅल रिमेन एव्हर ग्रेटफुल. थँकिंग यू इन अँटिसिपेशन.’

सुमारे शंभर शब्दांचे हे पत्र आहे. व्याकरणाची मोठी चूक त्यात नाही. ‘काइंड’ हा शब्द या ना त्या रूपात चार वेळा आला आहे. आता परीक्षा विभागातील कारकुनाच्या खुर्चीत बसून ते वाचावे. त्याला पाच गोष्टी हव्या आहेत. विद्यार्थिनीचा आसन क्रमांक काय? कोणता विषय, कोणता पेपर? नेमकी चूक काय? ती हजर होती याचा पुरावा काय? केव्हापर्यंत आणि काय करून हवे? या पाचांपैकी एकाचेही उत्तर पत्रात नाही. ‘वन सब्जेक्ट’ आहे, पण कोणता ते नाही. ‘रेलेव्हंट डॉक्युमेंट्स’ आहेत, पण कोणते ते नाही. ‘ॲट द अर्लिएस्ट’ आहे, पण तारीख नाही. कारकून हे पत्र बाजूला ठेवतो, आणि त्याच्याकडे तसे करण्याचे रास्त कारण असते. उसन्या वाक्यांचा खरा धोका हाच आहे. ती वाईट दिसतात म्हणून टाळायची नाहीत. ती पान भरवून टाकतात आणि आपण सर्व काही सांगितले, असा लिहिणाऱ्याचा भ्रम करून देतात, म्हणून टाळायची.

दुरुस्तीला वाक्यांपासून सुरुवात करू नये. प्रथम मराठीत त्या पाच प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहावीत. या उदाहरणात ती अशी: आसन क्रमांक 41207. इतिहास, पेपर 2. गुणपत्रिकेत गैरहजर असा शेरा. 18 एप्रिलला महाविद्यालयाच्या केंद्रावर खोली क्रमांक 6 मध्ये पेपर दिला. पर्यवेक्षकांनी हॉल तिकिटावर सही केली, हजेरीपत्रकावर स्वतःची सही आहे. दुरुस्त गुणपत्रिका 15 जुलैपर्यंत हवी. हे लिहून झाले, की पत्राचे निम्म्याहून अधिक काम झालेले असते. मग प्रत्येक उत्तराचे एक इंग्रजी वाक्य करावे:

‘सब्जेक्ट: मार्क्ड ॲबसेंट इन हिस्टरी पेपर 2, सीट नंबर 41207.

डिअर सर ऑर मॅडम,

प्लीज करेक्ट माय थर्ड-इयर बी.ए. मार्कशीट. इट शोज मी ॲबसेंट इन हिस्टरी पेपर 2. आय टुक धिस पेपर ऑन 18 एप्रिल इन रूम 6 ॲट द कॉलेज सेंटर. द सुपरवायझर साइन्ड माय हॉल टिकेट, अँड आय साइन्ड द अटेंडन्स शीट.

आय हॅव अटॅच्ड कॉपीज ऑफ द हॉल टिकेट अँड द मार्कशीट.

आय नीड द करेक्टेड मार्कशीट बाय 15 जुलै, व्हेन एम.ए. ॲडमिशन्स क्लोज. कुड यू टेल मी बाय 5 जुलै व्हेदर इट विल बी रेडी? माय फोन नंबर इज बिलो.

युवर्स फेथफुली,’

हा मजकूर सुमारे ऐंशी शब्दांचा आहे. म्हणजे पत्र फार लहान झालेले नाही, ते भरीव झाले आहे. मराठी पत्रात आपण आधी कारणे सांगतो आणि शेवटी मागणी करतो. येथे मागणी पहिल्याच वाक्यात आली, कारण वाचणाऱ्याला हे पत्र कशाबद्दल आहे ते कळले, की पुढील वाक्ये तो त्या दृष्टीने वाचतो. ‘डू द नीडफुल’च्या जागी ‘करेक्ट’ हे नेमके काम आले. ‘हार्डशिप्स’ हा शब्द गेला आणि त्याच्या जागी 15 जुलै आली. अडचणींचे वर्णन वाचून कारकून हलत नाही, प्रवेशाची शेवटची तारीख वाचून हलण्याची शक्यता अधिक असते. हजेरीपत्रकाचा उल्लेख तर सर्वांत मोलाचा आहे, कारण ते विद्यापीठाच्या किंवा केंद्राच्याच ताब्यात असते. कोठे पाहायचे, हे आपण त्यांना सांगून टाकले. आणि नम्रता? ती ‘प्लीज’मध्ये आहे, ‘कुड यू’मध्ये आहे, आणि तारखा, खोली, क्रमांक आयते देण्यात आहे. ‘आय’ने सुरू होणारी वाक्ये उद्धट वाटतील, ही भीती मराठी मनाला असते. पण येथे ‘आय’ म्हणजे अहंकार नाही. परीक्षा कोणी दिली, सही कोणी केली, एवढीच ती नोंद आहे.

साधेपणा आणि तुसडेपणा यांतील सीमारेषाही ओळखावी. ‘आय वॉज प्रेझेंट. व्हाय डिड यू मार्क मी ॲबसेंट? सेंड द मार्कशीट इमिजिएटली.’ हेही साधेच इंग्रजी आहे, पण ते समोरच्यावर आरोप करते. चूक केंद्राची असेल, छपाईची असेल, आपल्याला ठाऊक नाही. म्हणून ‘यू मार्क्ड मी ॲबसेंट’ऐवजी ‘इट शोज मी ॲबसेंट’ लिहिले. जे माहीत आहे तेवढेच सांगणे, यात सत्यही राहते आणि सौजन्यही.

जेथे साचा बदलू नये

काही ठिकाणी जुने साचे तसेच ठेवावे लागतात. प्रतिज्ञापत्र, करारनामा, न्यायालयातील अर्ज यांतील ठरावीक शब्दांना कायद्याचा अर्थ असतो; तेथे वकिलाचा मसुदा आपण सोपा करू नये. शालेय परीक्षेत पत्राचा जो आराखडा सांगितलेला असेल, तो पाळावा, कारण त्याला गुण आहेत. ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिण्याची ज्याला सवय आहे, त्याने ते लिहिल्याने काही बिघडत नाही. एका संबोधनाने पत्र जड होत नाही. जड होते ते मधल्या पोकळ वाक्यांनी. तेव्हा झाडलोट करायची ती मधल्या भागाची.

दुसऱ्या भाषेत लिहिलेले साधे गद्य

इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या माणसाने साधी इंग्रजी लिहिली, तर ती दुबळी होते का, हा प्रश्न पालक विचारतात. याचे उत्तर आपल्या ग्रंथालयातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी आत्मकथन त्यांच्या हयातीत प्रकाशित झाले नव्हते. 1990 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले, आणि अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला लावले गेले. ज्या परकीय वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय हे अनुभवाने ठाऊक नाही, त्याला ती कळावी, हा लेखनाचा हेतू होता. लहानपणी वडिलांना भेटण्यासाठी भाऊ व बहिणीच्या मुलांसह केलेला मसूर स्थानकापासूनचा प्रवास त्यात आहे. स्टेशनमास्तरला जात कळते, गाडीवाले मुलांना न्यायला नकार देतात, दुप्पट भाडे देऊन मुले स्वतः गाडी हाकतात, जवळ खायला असते पण प्यायला पाणी मिळत नाही.

हा प्रसंग इंग्रजीतून वाचताना लेखकाच्या पद्धतीकडे लक्ष द्यावे. अन्यायाला विशेषणे लावून तो मोठा केलेला नाही. कोण काय बोलले, किती पैसे ठरले, गाडी कोणी हाकली, पाणी कोठे मागितले, हे क्रमाने सांगितले आहे. क्रियापदे रोजच्या वापरातली आहेत. वाचकाला जे वाटायचे, ते त्या घटनाक्रमातूनच वाटते. ज्यांनी लंडनमध्ये अर्थशास्त्रावर प्रबंध लिहिला, त्यांना जड शब्द येत नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. वाचक कोण आहे, हे पाहून त्यांनी शब्द निवडले. आपल्या विद्यार्थिनीच्या अर्जात आणि या आत्मकथनात योग्यतेचे अंतर मोठे आहे, पण रीत एकच आहे. जे घडले ते, ज्याने केले त्याच्या नावाने, घडले त्या क्रमाने.

म्हणून घरी पालकांनी आणि मोठ्या भावंडांनी एक गोष्ट करून पाहावी. मुलाने इंग्रजीत अर्ज लिहिला, की त्याला तो मोठ्याने वाचायला सांगावे आणि प्रत्येक वाक्यानंतर मराठीत विचारावे, ‘खिडकीपाशी उभा राहून साहेबांना तू हे असे बोलला असतास का?’ ज्या वाक्याला तो ‘नाही’ म्हणेल, त्याच्याभोवती कंस करावा. मग विचारावे, ‘मग काय बोलला असतास?’ तो मराठीत जे उत्तर देईल, त्यात बहुधा एक कर्ता, एक क्रियापद आणि एखादी तारीख किंवा आकडा असेल. तेवढेच इंग्रजीत लिहावे. कंसातले वाक्य खोडून टाकावे.